दोन मिनिटांचा श्वासाचा व्हिडिओ: अर्धा वर्ग चुकला, एकाला गरगरलं, शेवटी सगळे हसले

खडूफळा

नववीच्या वर्गाला शिकवते. चाचणीचा पेपर वाटण्याआधी जो गलका असतो तो दोन मिनिटांत खाली बसावा, म्हणून घरी बसून एक व्हिडिओ केला. गडद निळी पार्श्वभूमी, मधे श्वासाबरोबर लहान-मोठं होणारं पांढरं वर्तुळ, माझाच आवाज. पहिली २० सेकंद "ताठ बसा, डोळे मिटा" वगैरे. मग "खोल श्वास घ्या", चार सेकंद. "रोखून धरा", चार सेकंद. "सोडा", चार सेकंद. असे पाच श्वास, म्हणजे एक मिनिट. त्यानंतर ३० सेकंद पूर्ण शांतता आणि शेवटी "डोळे उघडा".

काल पहिल्यांदा लावला. फळ्यावर प्रोजेक्टर, आवाजाला ब्लूटूथचा स्पीकर. जे झालं ते असं:

निम्म्या मुलांचा ताल चुकला. वर्तुळ लहान होत होतं तेव्हा मुलं श्वास घेत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा तिसऱ्या-चौथ्या श्वासाला म्हणाला, "बाई, गरगरतंय." बोटांना मुंग्या आल्या होत्या म्हणे. मी घाबरले, पण पाच मिनिटांत ठीक झाला. आणि शेवटच्या शांततेनंतर स्पीकरमधून "डोळे" हा शब्द आलाच नाही. नुसतं "उघडा!" असं ठणठणीत ऐकू आलं. पुढचं सांगायला नको. अख्खा वर्ग शर्टांकडे बघून खिदळत होता.

घरी फोनवर लावला तर "डोळे उघडा" व्यवस्थित ऐकू येतं. अजून एक, मी बोलायची थांबले की मागची पंख्याची घरघर हळूहळू वाढत जाते. पंखा तर एकाच वेगावर होता. सुधारून पुन्हा करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

आगाऊ

"उघडा!" वाचून इथे ऑफिसात हसू दाबतोय. बाकी तांत्रिक मला कळत नाही, तज्ज्ञ येतीलच.

दिगूकाका

दोन मिनिटं मौन म्हणजे उभं राहून पाळायचं ना? आमच्या मंडळाच्या शोकसभेत दर वेळी कुणीतरी मिनिटभरातच "धन्यवाद" म्हणून टाकतं. असा व्हिडिओ असेल तर बरं होईल, वेळ तरी पुरी भरेल. आवाज पुरुषाचा घ्यावा, गंभीर वाटतो. तयार झाला की इथे ठेवा.

खडूफळा

काका, शोकसभेसाठी नाही हो. पण आता कळलं! मी व्हिडिओच्या सुरुवातीला "दोन मिनिटं मौन" अशी पाटी टाकली होती आणि पहिल्या बाकावरच्या तिघी पटकन उभ्या राहून मान खाली घालून उभ्या. मला वाटलं चेष्टा चालली आहे.

रेषा

मग पाटीच काढून टाका. "मौन" म्हटलं की श्रद्धांजली, "शांतता" म्हटलं की "शांतता राखा" ही दवाखान्यातली पाटी. मुलांना नाव कशाला हवं? वर्तुळ दिसलं की कळतं.

प्राणवायू

ताई, तुमचं प्रमाण चुकलंय. घेणं आणि सोडणं सारखं ठेवलंत. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त हवा, तरच मन शांत होतं. ४-७-८ करा. चार सेकंद घ्यायचा, सात रोखायचा, आठ सोडायचा. दोन मिनिटांत सहा श्वास बसतात. मी रोज रात्री करतो, तिसऱ्या फेरीत झोप येते. मुलाला गरगरलं कारण त्याला प्राणवायू कमी पडला असणार. अजून खोल घ्यायला सांगा. आणि मागे ४३२ हर्ट्झचं संगीत किंवा दोन कानांत वेगवेगळे सूर येतात ते लावा, मेंदूच्या लहरी बदलतात म्हणे.

सावकाश

मी श्वसनाचे व्यायाम शिकवते, तो माझा रोजचा धंदाच आहे. प्राणवायू यांचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं पेपरच्या आधी वर्गात करू नका.

बरोबर काय, तर सोडणं लांबवायचं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. मनगटावर बोट ठेवून पाहिलंत तर काही जणांना स्वतःलाच जाणवतं. म्हणून सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा मोठा ठेवतात. चार आणि चार सारखं ठेवण्यापेक्षा तीन आणि चार, तीन आणि पाच असं चांगलं.

आता गरगरण्याचं. प्राणवायू कमी पडल्याने असं झालेलं नाही, उलट झालंय. "खोल श्वास" म्हटलं की चौदा वर्षांचा मुलगा खांदे उचलून, छाती फुगवून घेता येईल तेवढी हवा घेतो. शरीराला तेवढ्या हवेची त्या क्षणी गरज नसते. बसल्या जागी असे मोठमोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. त्या मुलाला अजून खोल घ्यायला सांगितलं असतं तर ते वाढलं असतं. अशा वेळी "सोडून दे, नेहमीसारखा श्वास घे" एवढंच सांगायचं, मिनिट-दोन मिनिटांत उतरतं. उतरलं नाही किंवा त्याला एरवीही असं होत असेल तर घरच्यांना कळवा.

म्हणजे तुमच्या संहितेतून "खोल" हा शब्द जाऊ दे. "पोटभर", "छाती भरून" हेही नको. त्याऐवजी "हळू" आणि "आवाज न करता". वर्गात ओळखायची खूण सोपी आहे: मुलांचा श्वास तुम्हाला ऐकू येत असेल तर ती जास्त घेतायत.

आणि रोखणं काढून टाका. ४-७-८ स्वतःच्या घरी, स्वतःच्या सवयीने करणं वेगळं. चाळीस मुलांत कुणाला दमा असतो, कुणाला घाबरं होण्याची सवय असते, कुणाला नाक चोंदलेलं असतं. त्यांना सात सेकंद श्वास कोंडायला सांगणं म्हणजे शांततेऐवजी धडधड देणं.

प्राणवायू

मला मात्र फायदा झालाय. असो, वर्गाचं वेगळं असेल हे मान्य.

ध्वनीखोका

आवाजाचं माझ्याकडे. आधी तो "डोळे" कुठे गेला ते.

तुमच्या व्हिडिओत त्या ३० सेकंदांत बहुतेक खरोखर काहीच नाही. संपादनात आवाजाची पट्टी कापून मोकळी जागा ठेवली असेल. फोनला त्याचं काही वाटत नाही. पण पुष्कळ ब्लूटूथ स्पीकर काही वेळ पूर्ण शून्य आलं की स्वतःचा आवाज बंद करून घेतात, आणि पुन्हा काही आलं की जागे व्हायला अर्धा-एक सेकंद लावतात. तुमचा पहिला शब्द त्या जागं होण्यात गेला.

माणसालाही शून्य आवडत नाही. रेकॉर्डिंगमधली शांतता आणि पट्टी कापून केलेलं शून्य यातला फरक कानाला लगेच कळतो. शून्य आलं की डोळे मिटलेला माणूस "बंद पडलं का?" म्हणून एक डोळा किलकिला करतो.

उपाय फुकटचा आहे. ज्या खोलीत आवाज रेकॉर्ड केला त्याच खोलीत, फोन त्याच जागी ठेवून, तुम्ही अजिबात न बोलता सव्वा मिनिट रेकॉर्ड करा. पंखा बंद, खिडकी बंद. ती जी खोलीची बारीकशी सळसळ येते ती पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत सलग खाली अंथरा. तेवढं पुरत नाही म्हणून दोनदा जोडा, जोडाच्या जागी दोन-तीन सेकंद एकात एक विरघळवा, नाहीतर तिथे टिच्च ऐकू येतं. पातळी उणे ५० डेसिबलच्या आसपास. ऐकू येते असं वाटूही नये, पण काढली तर चुकल्यासारखं वाटावं.

संगणकावर ffmpeg हे आवाज-व्हिडिओ हाताळायचं साधन असेल तर तयार फाइल अशी तपासा:

```
ffmpeg -i shwas.mp4 -af silencedetect=noise=-60dB:d=0.5 -f null -
```

`silence_start` अशी एकही ओळ आली नाही तर अंथरूण सलग आहे. आली तर शेजारी सेकंद लिहिलेला असतो, तिथे भोक आहे.

पंख्याचं वेगळं. तो फोनचा आगाऊपणा (आगाऊ यांनी मनावर घेऊ नये). बोलणं थांबलं की रेकॉर्डर समजतो आवाज कमी पडतोय, आणि आपणहून पातळी वाढवत नेतो. मग पंखा "येतो". पातळी स्वतः ठरवू देणारं रेकॉर्डिंगचं ॲप घ्या आणि ती आपोआप वाढ बंद करा. तसं ॲप नसेल तर वाक्यांमधला सगळा मोकळा भाग कापून फेका, खाली खोलीची सळसळ आहेच.

४३२ हर्ट्झबद्दल: दोन कानांत दोन सूर हा प्रकार हेडफोन असला तरच होतो. वर्गातल्या एका स्पीकरवर दोन्ही सूर हवेतच मिसळतात. आणि कुठलंही संगीत असो, त्याला स्वतःची लय असते. ती तुमच्या श्वासाच्या लयीशी भांडते. समुद्राच्या लाटांचंही तेच. लाट सहा सेकंदांनी येणार, श्वास आठ सेकंदांचा. मुलं कुणाचं ऐकणार?

कुंदा_आजी

माझ्या यजमानांना जुना दमा आहे, धाप लागते. हा व्हिडिओ तयार झाला की त्यांनाही लावू का? टीव्हीवर लागेल ना?

सावकाश

आजी, टीव्हीवर लागेल, पण त्यांच्यासाठी हा नको. धाप लागणाऱ्याला दुसऱ्याने ठरवलेल्या सेकंदांत श्वास बसवायला लावलं की तो अजून घाबरा होतो. त्यांना ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला बहुधा शिकवलं असेल. शिकवलं नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, प्रत्यक्ष दाखवून घ्या. फक्त चित्र बघत स्वस्थ बसायचं असेल तर खुशाल.

ध्वनीखोका

आता ताल का चुकला ते, हा खरा मुद्दा आहे. खडूफळा, "सोडा" हा शब्द वर्तुळ वाढायचं थांबून उलट वळतं त्याच क्षणी सुरू होतो ना?

खडूफळा

हो, अगदी फ्रेम जुळवून बसवलाय. अभिमान होता मला त्याचा.

ध्वनीखोका

तिथेच घोळ आहे. "श्वास घ्या" म्हणायला सावकाश आवाजात एक सेकंद जातो. ते ऐकून, समजून मूल श्वास घ्यायला लागेपर्यंत अजून थोडा वेळ. म्हणजे चार सेकंदांतला सव्वा-दीड सेकंद गेला, आणि मुलाला अडीच सेकंदांत श्वास संपवायचा आहे. दोन श्वासांतच ते मागे पडतं. त्यात कधी कधी ब्लूटूथवर आवाजच चित्रामागून येतो, ते वेगळं.

कवायत आठवा. "दाहिने… मूड!" पहिला शब्द तयारीचा, कृती दुसऱ्यावर. दोन्ही एका दमात म्हटले तर रांग विस्कटते. इथेही शब्द वळणाच्या आधी संपला पाहिजे. "श्वास घ्या" वळणाच्या एक सेकंद आधी सुरू करा. "सोडा" लहान आहे, त्याला पाऊण सेकंद पुरे. संपादनात आवाजाच्या सगळ्या सूचना एकदम निवडून तेवढ्या आधी सरकवल्या की झालं.

शब्दांबद्दल: "उच्छ्वास" कुणी सुचवला तर घेऊ नका, म्हणणाऱ्याचीही दमछाक आणि ऐकणाऱ्याचीही. "सोडा" फार चांगला, शेवटचा आकार लांबवता येतो, सोडाऽऽ, आणि तो लांबवतानाच ऐकणाऱ्याचा श्वास सुटायला लागतो. "श्वास"मधला श माइकच्या अगदी समोर म्हटला तर सूंऽ करतो. फोन तोंडासमोर न धरता जरा बाजूला, वीतभर लांब ठेवा.

अजून एक गोष्ट जी पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाची निसटते. "सोडा" म्हणण्याआधी तुम्ही स्वतः श्वास घेता. बोलायला हवा लागतेच. तो "हुंऽ" माइकमध्ये येतो. म्हणजे मुलाने सोडायचं त्याच क्षणी त्याच्या कानात कुणीतरी श्वास घेतंय! डोळे मिटलेल्या माणसाला शब्दापेक्षा तो आवाज जास्त ओढतो. "सोडा"च्या आधीचा तुमचा श्वास कापा, खाली सळसळ असल्यामुळे भोक पडणार नाही. "घ्या"च्या आधीचा मात्र ठेवलात तर मदतच होते.

खडूफळा

आत्ता ऐकून पाहिलं. आहे! दर "सोडा"च्या आधी स्पष्ट आहे. इतके दिवस ऐकतेय, कधी लक्षात आलं नाही.

रेषा

चित्राचं मी सांगते. मी हलती चित्रं करते, पण जाहिरातींसाठी. तिथे सगळं लक्ष ओढण्यासाठी असतं, इथे बरोबर उलटं करायचं.

तुमचं वर्तुळ बहुतेक ठिपक्यापासून सुरू होऊन सगळा फळा भरतं, आणि एकाच वेगाने. भिंतीवर एवढी मोठी गोष्ट अंगावर आली की पुढच्या बाकावरच्यांना स्वतःच हलल्यासारखं वाटतं. गरगरण्यात त्याचाही हात असू शकतो, सावकाशताई सांगतील. वर्तुळ पूर्ण मापाच्या ७० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतच वाढवा. तेवढं पुरतं, डोळा बारीक फरक पकडतो.

वेग एकसारखा असला की वळणावर झटका बसतो, भिंतीवर आपटून परत आल्यासारखा. तो काढायला वळणाशी वेग मऊ करतात. पण तो फार मऊ केला तर वर्तुळ वर जाऊन थबकतं आणि लोक नकळत श्वास रोखतात. तुम्ही "रोखा" म्हटलं नाही तरी चित्र म्हणतं. म्हणून वळण अर्ध्या सेकंदात उरका. आणि सोडणं घेण्याच्या उलट्या चित्रासारखं करू नका. सोडलेली हवा आधी भरभर जाते आणि शेवटी रेंगाळते. आकारही तसाच, आधी जरा पटकन, मग सावकाश.

गडद निळ्यातून काळ्याकडे जाणारी छटा प्रोजेक्टरवर कशी दिसली? झाडाच्या खोडात असतात तशी वलयं दिसली का?

खडूफळा

दिसली! मला वाटलं प्रोजेक्टर जुना आहे.

रेषा

प्रोजेक्टरचा दोष थोडाच. साध्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. गडद भागात त्यातल्या मोजक्याच वापरल्या जातात, आणि त्या भिंतभर ताणल्या की पायऱ्या दिसू लागतात. फाइल लहान करताना अजून बिघडतं. वरून बारीक कण टाकून ते लपवतात, पण फाइल दाबली की कणही जातात. तुम्ही सरळ एक सपाट रंग घ्या, मध्यम, काळपट नको. राखाडीकडे झुकणारा हिरवा किंवा निळा. वर्तुळही पांढरंशुभ्र नको, त्याच रंगाची फिकट छटा. अंधाऱ्या खोलीत पांढरं वर्तुळ म्हणजे गाडीचा दिवा.

आगाऊ

एक प्रश्न. ताई म्हणतात "डोळे मिटा". मग वर्तुळ बघतंय कोण?

ध्वनीखोका

आगाऊ, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

रेषा

मी कधीच डोळे मिटायला सांगणार नाही. काहींना चारचौघांत डोळे मिटणं असुरक्षित वाटतं. माझ्याकडे एका कार्यशाळेत एक बाई उठून बाहेर गेल्या होत्या.

ध्वनीखोका

पण काहींना डोळे उघडे ठेवून हसूच येतं, विशेषतः नववीत. दोन्ही चालू द्या. अट एकच. पडदा झाकून नुसता आवाज ऐका, श्वास जमला पाहिजे. मग आवाज बंद करून नुसतं चित्र बघा, तरी जमला पाहिजे. दोन्हींत पास झाला तर मिटा किंवा उघडे ठेवा, बिघडत नाही.

सावकाश

सहमत. "मिटावेसे वाटले तर मिटा" असं म्हणा.

आणि रेषाताई, हलत्या मोठ्या आकाराने काहींना गरगरतं हे खरं आहे. पण बोटांना मुंग्या त्याने येत नाहीत, त्या श्वासाच्याच.

वेळाबद्दल एक सुचवते. बसलेलं माणूस साधारण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतं, आणि पेपरच्या आधी वरच्या टोकाला असणार. त्याला पहिल्याच श्वासापासून मिनिटाला सहाच्या चालीत ओढू नका, ते झेपत नाही म्हणून हवा ओरबाडली जाते. तुम्ही १२ सेकंदांचा श्वास लावला होतात, म्हणजे मिनिटाला पाच! पायरीपायरीने उतरा. पहिले दोन श्वास तीन घेणं, चार सोडणं. पुढचे दोन तीन आणि पाच. पाचवा चार आणि सहा. बेरीज ७, ७, ८, ८, १०, म्हणजे चाळीस सेकंद. त्यानंतर आवाज थांबू दे आणि ज्याचा त्याला श्वास घेऊ दे.

रेषा

सेकंदाला तीस फ्रेमच्या हिशेबात २१०, २१०, २४०, २४०, ३००. एकूण १२०० फ्रेम, मस्त बसतं. फक्त एकच श्वास पुन्हा पुन्हा चिकटवता येणार नाही, तीन वेगळे करावे लागतील. शांततेत वर्तुळाचं काय करायचं? माझ्या मते दहा सेकंदांच्या चालीत चालू ठेवा, डोळ्याला आधार हवा.

सावकाश

मी म्हणेन विरून जाऊ द्या. ती शांतता आहे ना? वर्तुळ चालू असेल तर ती नुसती बिनआवाजाची सूचना झाली. शिवाय ज्याला दहा सेकंद जमत नाहीत तो तिथे धडपडत राहणार.

रेषा

रिकाम्या पडद्याकडे नववीची मुलं तीस सेकंद बघणार? बरं बघा.

खडूफळा

सगळ्यांचं ऐकून दुसरा केला. शनिवार-रविवार गेला. मांडणी अशी:

पहिली ६ सेकंद नुसता रंग आणि खोलीची सळसळ. गलका असतो, पहिलं वाक्य तसंही वाया जातं.

०:०६ ते ०:२४ हे बोलते: "बसला आहात तसेच राहा. पाय जमिनीला टेकलेले. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. नाहीतर नजर समोर खाली टेकवा. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघा." बावीस शब्द. आधीच्या संहितेत याच जागी एकोणपन्नास होते, आता मोजले.

०:२४ ते १:०४ पाच श्वास. पहिल्या दोनांना "हळू श्वास घ्या… सोडाऽ". पुढच्या दोनांना नुसतं "घ्या… सोडाऽ". पाचव्याला काहीच न बोलता वर्तुळ. पहिला "हळू श्वास घ्या" बावीसाव्या सेकंदालाच सुरू करावा लागला, म्हणून आधीचं वाक्य जरा आवरलं.

१:०४ ते १:१० "आता मी थांबते. वेळ झाली की सांगेन." वर्तुळ तेवढ्यात विरतं. सावकाशताईंचं ऐकलं.

१:१० ते १:४५ शांतता, सळसळ चालू.

१:४५ नंतर "आता… आजूबाजूचे आवाज ऐका. बोटं जरा हलवा. नजर हळूच वर." शेवटची तीन सेकंद चित्र आणि सळसळ दोन्ही विरतात. "उघडा" हा शब्द संहितेत कुठेही नाही याची खात्री बाळगावी.

ध्वनीखोका

"आता…" पहिला ठेवलात ते छान. स्पीकरने खाल्लाच तर काही बिघडत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही आवाज येणार हे कळतं. ते परतीचं वाक्य आधीच्या आवाजापेक्षा तीन-चार डेसिबल खाली घ्या. पस्तीस सेकंद शांत बसलेल्या कानाला तोच आवाज ओरडल्यासारखा लागतो.

मंद_वारा

मी हाच प्रकार ऑनलाइन तासाच्या सुरुवातीला पडदा वाटून दाखवते. तिकडे वर्तुळ अडखळत जातं, आणि ती सळसळ पलीकडे पोचतच नाही म्हणतात.

ध्वनीखोका

व्हिडिओ कॉल सलग बारीक आवाजाला गोंगाट समजून पुसतो. आवाज गाळण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते का पाहा, आणि पडदा वाटताना संगणकाचा आवाजही वाटायची खूण करा. वर्तुळाला उपाय नाही, फ्रेम गळणारच. त्यापेक्षा व्हिडिओ आधी पाठवून ज्याने त्याने आपापल्याकडे लावायला सांगा. किंवा तुम्ही स्वतःच बोला, व्हिडिओ कशाला?

मंद_वारा

स्वतः बोलले की माझंच मन सेकंद मोजत बसतं. पण पाहते.

खडूफळा

आज लावला. परतीचं वाक्य खाली घेतलं. गरगरलं कुणालाच नाही. त्या मुलाला आधीच सांगितलं होतं की नको वाटलं तर नुसता बस, तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. ताल जमला, मी मागे उभी राहून खांदे बघत होते, तिसऱ्या श्वासापासून बरेच खांदे एकत्र खाली येत होते. श्वासाचे आवाज आले नाहीत. पहिला शब्द शाबूत.

पण शांतता सुरू होऊन वीसेक सेकंद झाली की चुळबुळ. एकाने किलकिल्या डोळ्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, तो हसला, तिथून लाट. शेवटची दहा-पंधरा सेकंद फुकट गेली.

रेषा

सांगितलं होतं मी, वर्तुळ चालू ठेवा.

ध्वनीखोका

किंवा मधेच, १:२८च्या सुमाराला एकच शब्द. "छान." किंवा "अजून थोडंसं." आवाज अजून आहे हे कळलं की माणूस थांबतो.

सावकाश

पहिल्याच दिवशी वीस सेकंद गप्प बसली नववीची मुलं, आणि तुम्ही त्यात शब्द घालताय. मी काहीच बदलणार नाही, आठवडाभर तसाच लावेन. हवं तर शांतता वीस सेकंदांची करा आणि व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा होऊ द्या. दोन मिनिटंच पाहिजेत असं कुणी सांगितलंय?

खडूफळा

मुख्याध्यापकांनी. वेळापत्रकात तेवढीच जागा मिळालीय, त्याहून कमी असली तर ते खूशच होतील. माझ्याकडे दोन तुकड्या आहेत. अ तुकडीला वर्तुळ चालू असलेला लावते, ब तुकडीला आहे तसाच. शुक्रवारी येऊन सांगते.

दिगूकाका

आमच्या शोकसभेसाठी १:१० ते १:४५ एवढाच भाग लांबवून मिळेल का?